नवी नोकरी लागली, आता सांगायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मेमध्ये पगारवाढीची पत्रं हातात पडली की नोकऱ्या बदलण्याचा हंगाम सुरू होतो आणि मग हे प्रश्न येऊ लागतात. मी पुण्यात बरीच वर्षं भरतीचं काम केलं, त्यामुळे उत्तरं मुख्यतः खासगी नोकरी, लिंक्डइन आणि व्हॉट्सअ‍ॅप यांना धरून आहेत. सरकारी नोकरीत जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

ऑफर लेटर आलंय. आजच पोस्ट टाकू का?

नको. रुजू होऊन आठ-दहा दिवस झाले की टाका.

ऑफर लेटर आणि पहिला दिवस यांच्यामध्ये आपल्याकडे बराच काळ जातो. नोटीस पिरियड तीस दिवसांचा असू शकतो, आयटीत तर नव्वद दिवसांचाही असतो. त्या काळात पार्श्वभूमीची पडताळणी होते, जुन्या कंपनीकडून रिलीव्हिंग लेटर मिळवायचं असतं, हिशेब चुकता व्हायचा असतो. यातलं काहीही अडकलं तर रुजू होण्याची तारीख पुढे जाते, आणि कधी कधी ऑफरच मागे घेतली जाते. मी हे दोन्ही होताना पाहिलं आहे. शंभर जणांचं अभिनंदन स्वीकारून झाल्यावर "अजून जॉइन झालो नाही" हे शंभर वेळा सांगणं फार जड जातं.

दुसरं कारण जुन्या ऑफिसातलं आहे. राजीनामा देण्याआधी साहेबांना बातमी तुमच्या पोस्टवरून कळली, तर नोटीस पिरियडचे उरलेले दिवस कसे जातील याचा अंदाज तुम्हाला आहेच.

सरकारी नोकरीत तर आणखी थांबा. निवड यादीत नाव येणं म्हणजे नियुक्ती नव्हे. कागदपत्रांची तपासणी, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी आणि मग नियुक्तीचा आदेश, असा तो क्रम आहे. निकालाचा आनंद जरूर सांगा, पण पदनाम लावून फोटो टाकणं आदेश हातात आल्यावर.

मग तोपर्यंत कोणालाच सांगायचं नाही?

सांगायचं, पण एकेकाला आणि स्वतः. घरचे झाले की ज्यांनी तुमच्यासाठी शब्द टाकला त्यांना, मग ज्यांची नावं तुम्ही रेफरन्स म्हणून दिली होती त्यांना. या मंडळींना बातमी पोस्टमधून कळू नये, एवढा एक नियम पाळला तर या पानावरचे निम्मे प्रश्न उद्भवत नाहीत. रेफरन्सवाल्यांना लवकर सांगण्यात व्यवहारही आहे. पडताळणीचा फोन त्यांनाच येणार असतो.

फोन करा. वयाने मोठ्या माणसांना तर फोनच, मेसेज नव्हे. "सर, लागली बरं का नोकरी. तुम्ही त्या दिवशी बोललात म्हणून," इतकं पुरतं. सोबत "अजून जाहीर केलेलं नाही, तुमच्यापाशीच ठेवा" हे सांगायला विसरू नका. नाहीतर सर कौतुकाने त्यांच्या ग्रुपवर टाकतील.

पोस्टमध्ये नेमकं लिहायचं काय? मी लिहिलं की एकतर फुशारकी वाटते, नाहीतर लग्नपत्रिका.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून एक खरं उदाहरण घेते. नावं आणि कंपनी काढून टाकली आहे. मूल झाल्यावर तीन वर्षं घरी असलेली साताऱ्याकडची एक मुलगी पुण्यात पुन्हा सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामाला लागली. तिने मला पाठवलेला मसुदा असा होता:

"आपणा सर्वांना कळवताना अत्यंत आनंद होत आहे की मी एका नामांकित बहुराष्ट्रीय कंपनीत सीनिअर टेस्ट इंजिनिअर या पदावर रुजू झाले आहे. हा प्रवास सोपा नव्हता. जिद्द, चिकाटी आणि अथक परिश्रमांच्या जोरावर मी हे यश मिळवलं. या प्रवासात साथ देणाऱ्या सर्व ज्ञात-अज्ञात व्यक्तींचे मनःपूर्वक आभार!"

यात खोटं काही नाही. पण कंपनीऐवजी "नामांकित" हे विशेषण आहे, कामाऐवजी "प्रवास" आहे आणि माणसांऐवजी "ज्ञात-अज्ञात" आहेत. ज्याने मदत केली त्याने हे वाचलं तर त्याला स्वतःचं नखही त्यात दिसणार नाही.

मी तिला विचारलं, कोणी काय केलं ते सांग, क्रियापदासकट. तिने सांगितलं. कॉलेजच्या सीनिअर ताईंनी रेझ्युमे स्वतःच्या नावावर कंपनीत रेफर केला. जुन्या टीमच्या लीड सरांनी दोन शनिवारी रात्री सरावाची मुलाखत घेतली. चार वर्षं संपर्कात नसलेल्या एका सहकारी मैत्रिणीने अर्धा तास फोनवर सांगितलं की आता एसक्यूएल कसं विचारतात. आणि सासूबाईंनी मुलाला सांभाळलं. मग पोस्ट अशी झाली:

"तीन वर्षांच्या खंडानंतर गेल्या सोमवारपासून मी पुन्हा टेस्टिंगच्या कामावर आहे. (कंपनीचं नाव), पुणे.

खंडामुळे माझा रेझ्युमे बऱ्याच ठिकाणी पहिल्याच चाळणीत गळत होता. (ताईंचं नाव) यांनी तो स्वतः रेफर केला, आणि खंडाबद्दल विचारलं तर सरळ खरं सांग, असंही बजावलं. (सरांचं नाव) यांनी दोन शनिवारी रात्री माझी सरावाची मुलाखत घेतली. ऑटोमेशनमधलं माझं काय काय गंजलंय ते मला तिथे कळलं. (मैत्रिणीचं नाव) हिच्याशी चार वर्षं बोलणं नव्हतं, तरी एका मेसेजवर तिने फोन केला आणि एसक्यूएलची तयारी करून घेतली.

खंडानंतर टेस्टिंगमध्ये परत येऊ बघणाऱ्या कोणाला मुलाखतीबद्दल विचारायचं असेल तर मेसेज करा. संध्याकाळी सातनंतर उत्तर देते."

पहिलं वाक्य मुद्दाम तसं ठेवलं आहे. लिंक्डइन पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दाखवतं आणि बाकीचं "more" मागे लपवतं. "कळवताना अत्यंत आनंद होत आहे" एवढ्यातच ती जागा संपली तर बातमी आतच राहते. मर्यादा ३,००० अक्षरांची आहे, म्हणून ती भरायची नसते.

"सीनिअर" हे पद तिने स्वतःच काढलं. प्रोफाइलवर ते आहेच, ज्याला बघायचं तो बघेल. सासूबाई पोस्टमध्ये नाहीत. त्या लिंक्डइनवर नाहीत आणि परक्यांपुढे आपलं नाव यावं अशी त्यांची इच्छाही नव्हती. त्यांचे आभार घरी मानले गेले, पहिल्या पगाराच्या दिवशी.

"मी मिळवलं" न म्हणता स्वतःबद्दल बोलायचं तरी कसं?

मराठीने ही सोय आधीच करून ठेवली आहे. आपल्याकडे नोकरी "लागते". "मला नोकरी लागली" यात नोकरी कर्ता आहे आणि आपण नुसते तिच्या वाटेत उभे आहोत. इंग्रजी साच्यावरून मराठीत लिहायला गेलं की "मी हे पद प्राप्त केलं" असली वाक्यं येतात आणि तिथेच खटकतं. त्यामुळे मराठी पोस्ट लिहायचीच तर घरात बोलता तशी लिहा.

दुसरी युक्ती वरच्या उदाहरणात आहे. पोस्टमधल्या वाक्यांचे कर्ते मोजा. निम्म्याहून अधिक वाक्यांत कर्ता दुसरा कोणी असेल, तर फुशारकीची भीती बाळगू नका.

उलट टोकही टाळा. "माझी लायकी नव्हती, सगळी तुमची कृपा" असं लिहिलं की वाचणाऱ्याला "नाही नाही, तुम्ही पात्रच होता" असं म्हणणं भाग पडतं. ती वाकडी वाट धरून कौतुकच मागणं झालं. आणि तुम्हाला निवडणारा नवा साहेबही ते वाचत असतो. तीन महिने पहाटे उठून अभ्यास केला असेल तर एका वाक्यात तसं लिहावं.

लिंक्डइनवर नोकरीची माहिती बदलली की सगळ्यांना आपोआप कळतं का?

कळू शकतं. नवं पद भरताना त्याच फॉर्ममध्ये "Notify network" असं बटण असतं. ते बंद ठेवून माहिती जतन केली तर बातमी जात नाही, मात्र प्रोफाइल उघडून बघणाऱ्याला नवं पद दिसतंच. म्हणून आधी फोन, मग हे बटण बंद ठेवून प्रोफाइल आणि शेवटी स्वतःच्या शब्दांतली पोस्ट, हा क्रम बरा. बटण चालू राहिलं तर लिंक्डइनच्या साच्यातली बातमी आधी जाते, तिच्याखाली अभिनंदनांची रांग लागते, आणि तुमची आभाराची पोस्ट शिळ्या भातासारखी मागून येते.

प्रोफाइलच्या फोटोभोवती "#OpenToWork" ची हिरवी चौकट असेल तर ती त्याच वेळी काढा. ती राहिली म्हणून नवीन ठिकाणच्या एचआरने पहिल्याच आठवड्यात बोलावून विचारल्याचं एक उदाहरण माझ्यासमोरचं आहे.

कोणाकोणाला टॅग करायचं?

ज्याने काही ठोस केलं आणि ज्याची हरकत नाही त्यालाच. विचारून घ्या. "पोस्टमध्ये तुमचं नाव घेतलं तर चालेल ना?" हा एक मेसेज पुरतो.

विचारायला कारणं आहेत. जुन्या कंपनीतल्या ज्या सरांनी तुम्हाला सुट्टीच्या दिवशी तयार केलं, ते अजून तिथेच असतील, तर "यांनी मला बाहेर पडायला मदत केली" हे त्यांच्या साहेबांसमोर टांगणं हा आभार नव्हे. वरच्या उदाहरणात लीड सरांनी ती कंपनी आधीच सोडली होती, म्हणून त्यांचं नाव घेता आलं. नव्या कंपनीत जिने रेफर केलं तिलाही विचारा. पोस्टनंतर तिच्याकडे अनोळखी लोकांचे रेझ्युमे येऊ लागतात. मुलाखत घेणाऱ्यांना टॅग करू नका, त्यांनी उपकार केलेला नाही आणि तसं दिसणं त्यांना अडचणीचं ठरतं.

वीस जणांना टॅग केलं तर कोणाचेच आभार मानल्यासारखं होत नाही. तीन-चार नावं, प्रत्येकाचं एक वाक्य. उरलेल्यांना वेगळा मेसेज.

मदत करणाऱ्यांची यादी आठवतच नाही. कोणाला विसरलो तर?

विसरली जातात ती दूरची माणसं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं, की ज्या माणसाकडून नोकरी कळली तो तुम्हाला कितीदा भेटायचा. आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे निघाले सहापैकी एक. वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे चारपैकी एकाहून थोडे जास्त. बाकीचे मधले. जवळच्या माणसांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. नवी बातमी लांबून येते.

म्हणून आठवणीवर विसंबू नका. व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलमध्ये "रेझ्युमे", "ओपनिंग", "रेफर" असे शब्द शोधा, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही, आणि गेल्या सहा महिन्यांचे संवाद चाळा. अर्ध्या तासाचं काम आहे. ज्यांनी रेझ्युमे पुढे पाठवला पण तिथे जमलं नाही, तेही या यादीत येतात. त्यांना "तुम्ही पाठवलं होतं तिथे झालं नाही, पण दुसरीकडे लागली. तुम्ही लगेच पाठवलंत हे लक्षात आहे" असं कळवा. हा मेसेज जवळजवळ कोणीच करत नाही.

तरीही कोणी राहिलंच, तर दोन महिन्यांनीही फोन करता येतो. पोस्टमध्ये मागाहून नाव घुसडू नका. ते वाचणाऱ्याला कळतं, आणि ज्याचं नाव घुसडलं त्याला सगळ्यात आधी.

ज्याने रेफर केलं त्याला भेट द्यावी का? त्याला तर कंपनीकडून बोनस मिळतोय.

बऱ्याच कंपन्यांत रेफरल बोनस असतो आणि बहुधा तो नवा माणूस काही महिने टिकल्यावरच मिळतो. म्हणजे त्याचंही तुमच्या टिकण्यात काहीतरी गुंतलेलं आहे. तरी बोनस मिळतो म्हणून आभारातून सूट नाही. पेढे, एकत्र जेवण इथपर्यंत ठीक. महागडी वस्तू किंवा रोख पाकीट देऊ नका. एकाच कंपनीत असताना ते लाच दिल्यासारखं दिसू शकतं, आणि बोनसमध्ये वाटा मागणं तर त्याहून वाईट. हो, असं विचारणारेही भेटतात.

नातेवाइकांच्या आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय टाकू?

लिंक्डइनची पोस्ट तिथे चिकटवू नका. तिथल्या लोकांना तुमचा एसक्यूएल नको असतो, तुम्ही कुठे आहात आणि बरे आहात ना, हे हवं असतं. "एक तारखेपासून पुण्यात नवीन नोकरीवर रुजू झालो. हिंजवडीला ऑफिस आहे. काकांनी कोर्सच्या वेळी फी भरली होती, ती आज कामी आली." झालं. त्यातही काकांना आधी फोन केलेला असावा.

ब्रॉडकास्ट लिस्ट वापरणार असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच मेसेज पोचतो. दूरची माणसं, ज्यांच्याबद्दल वर लिहिलं, नेमकी त्यातूनच सुटतात. आणि आभाराचा मेसेज ब्रॉडकास्टने कधीच पाठवू नये, "प्रिय सर/मॅडम" वाचलं की लक्षात येतं.

चौकात फ्लेक्स लावायला मित्र निघाले असतील तर त्यांना थांबवायचं की नाही, हे गाव बघून ठरवा. मी थांबवलं असतं.

सगळे पगार विचारतात. काय सांगू?

आकडा नको. "आधीपेक्षा बरा आहे, घरचं भागतं" म्हणा आणि विषय बदला. पोस्टमध्ये टक्केवारीतली वाढ, पॅकेज, ऑफर लेटरचा फोटो, काहीच टाकू नका. पगार गोपनीय ठेवण्याची अट तुमच्या करारात असू शकते, आणि शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्याला तुमचा आकडा कळला की पहिल्याच महिन्यात वातावरण बिघडतं.

माझ्याबरोबर कामावरून कमी केलेले मित्र अजून शोधतायत. मी पोस्ट टाकणं बरं दिसेल का?

टाका, पण आधी त्या मित्रांना एकेकट्याने सांगा. त्यांच्या ग्रुपवर सगळ्यात शेवटी, आणि पेढ्याच्या इमोजीविना. पोस्टमध्ये "अखेर कष्टाचं फळ मिळालं" हे वाक्य असेल तर काढा, कारण त्याचा दुसरा अर्थ "तुम्ही कमी कष्ट केले" असा होतो. त्यांनीही तेवढेच कष्ट केलेत, हे तुम्हाला ठाऊक आहे.

त्याऐवजी कामाची माहिती द्या. किती ठिकाणी अर्ज केले, किती फेऱ्या झाल्या, कशावर अडलं, कोणत्या कंपन्या सध्या माणसं घेतायत. मुलाखतीतले प्रश्न मात्र जसेच्या तसे जाहीर करू नका, काही कंपन्या तसं न करण्याचं लिहून घेतात. जुन्या कंपनीवर राग असेल तर तोही इथे काढू नका. तिथलं रिलीव्हिंग लेटर अजून यायचं असेल तर मुळीच नाही.

पोस्ट टाकल्यापासून "मलाही लाव ना तुझ्याकडे" असे वीस मेसेज आलेत.

नव्या माणसाच्या शब्दाला तीन-चार महिने फारसं वजन नसतं, आणि प्रोबेशनमध्ये चुकीचा माणूस रेफर केला तर जे थोडं आहे तेही जातं. हेच सरळ सांगा: "मी स्वतःच प्रोबेशनवर आहे. कंपनीच्या साइटवर जागा निघाल्या की लिंक पाठवते, सहा महिन्यांनी रेफर करू शकेन का ते बघते." ज्याचं काम तुम्ही स्वतः पाहिलं आहे त्याला अपवाद करा. पोस्टमध्ये "कोणालाही मदत लागली तर सांगा" असं मोघम लिहिलं की हे मेसेज ओढवतातच. म्हणून वरच्या उदाहरणात मदत कशाची आणि किती वाजता, हे दोन्ही लिहिलं आहे.

ओळखपत्राचा फोटो टाकला तर काय बिघडतं?

त्यावर तुमचा कर्मचारी क्रमांक असतो, कधी बारकोड असतो. तो टाकू नका. शिवाय नवीन रुजू झालेल्यांच्या पोस्ट भामटेही वाचतात. काही दिवसांत एखाद्या अनोळखी नंबरवरून कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या नावाने आणि फोटोने मेसेज येतो: "मीटिंगमध्ये आहे, फोन घेऊ शकत नाही, तातडीने गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठवा." नवा माणूस साहेबांना कधी भेटलेला नसतो आणि नाही म्हणायला बिचकतो, म्हणून नेमका तोच निवडला जातो. असा मेसेज आला तर उत्तर न देता आपल्या मॅनेजरला किंवा आयटी विभागाला दाखवा.

पोस्ट टाकली आणि महिन्याभरात नोकरीच गेली. आता?

पोस्ट लगेच काढू नका, काढल्याने चर्चा वाढते. ज्यांनी शब्द टाकला होता त्यांना आधी फोन करा आणि काय झालं ते न लपवता सांगा, कारण कंपनीत त्यांना विचारणा होणारच आहे. प्रोफाइलवरची माहिती "Notify network" बंद ठेवून बदला. पुढची नोकरी लागेपर्यंत त्या पोस्टवर नवं काही लिहायची गरज नाही, आणि जे विचारतील त्यांना "तिथे जमलं नाही, पुन्हा शोधतोय" एवढं पुरे.